क्यूसी, आरअँडडी की रेग्युलेटरी: फार्मातली पहिली नोकरी जाहिरात वाचून कशी निवडावी

फार्मा कंपन्यांच्या जाहिराती पहिल्यांदा वाचायला घेतल्या, की सगळीकडे तेच शब्द भेटतात. क्वालिटी कंट्रोलच्या जाहिरातीत एचपीएलसी आणि मेथड व्हॅलिडेशन, रिसर्चच्या जाहिरातीतही एचपीएलसी आणि मेथड व्हॅलिडेशन, आणि रेग्युलेटरी अफेअर्सच्या जाहिरातीत एचपीएलसी नसलं तरी मेथड व्हॅलिडेशन आहेच. मग नवा उमेदवार एकच बायोडेटा सगळीकडे पाठवतो आणि ज्याचा फोन आधी येईल तिथे रुजू होतो. वर्षभराने कळतं की आपल्याला हवं होतं ते काम शेजारच्या इमारतीत चालतं.

मी क्यूसीत सुरुवात केली, मग आरअँडडीतल्या ॲनालिटिकल डेव्हलपमेंटमध्ये गेलो आणि आता रेग्युलेटरीत आहे. मुलाखती घ्यायलाही बसतो. त्यामुळे जाहिरातीच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. इथे मी फक्त गोळ्या-कॅप्सूल बनवणाऱ्या कंपन्यांबद्दल आणि या तीन विभागांबद्दल लिहितोय. लशी, बायोलॉजिक्स, क्लिनिकल ट्रायल्स यांचा व्याप वेगळा आहे.

## १. आधी एका गोळीच्या मागे जाऊन पाहा

विभागांच्या व्याख्या पाठ करून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा एकच घटना तिन्ही टेबलांवरून कशी फिरते ते पाहू. पुढचे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण रोजच्या कामात दिसतात तसेच आहेत.

एक कोटेड गोळी आहे. लेबलवर मुदत २४ महिने. तिच्या काही बॅचेस स्टॅबिलिटी चेंबरमध्ये २५ अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेत ठेवलेल्या आहेत आणि ठरावीक महिन्यांनी नमुना काढून तपासला जातो. आज १२ महिन्यांचा नमुना निघाला आहे. चाचणी डिसोल्यूशनची, म्हणजे गोळी द्रवात टाकल्यावर ठरलेल्या वेळात किती औषध विरघळतं ते पाहण्याची. या गोळीसाठी मर्यादा आहे: ३० मिनिटांत ८० टक्के. या ८० ला क्यू म्हणतात.

पहिल्या टप्प्यात सहा गोळ्या तपासतात आणि प्रत्येक गोळी क्यूपेक्षा किमान पाच टक्के वर, म्हणजे ८५ किंवा जास्त, असावी लागते. निकाल आले ८८, ८६, ९१, ८४, ८७ आणि ८९. एक गोळी ८४ वर अडकली.

इथे नवा माणूस घाबरतो. पण हा नापास निकाल नाही. फार्माकोपियाच्या पद्धतीतच दुसरा टप्पा दिलेला आहे: आणखी सहा गोळ्या घ्या, बारांची सरासरी ८० किंवा जास्त हवी आणि एकही गोळी ६५ च्या खाली नको. दुसऱ्या सहा गोळ्या ८६, ९०, ८५, ८८, ८३, ८७ आल्या. बारांची सरासरी ८७. नमुना पास.

क्यूसीचं काम इथपर्यंत आणि याच्या थोडं पुढे. याच बॅचचे आधीचे सरासरी आकडे पाहिले तर सुरुवातीला ९७, तीन महिन्यांनी ९६, सहाला ९३, नऊला ९० आणि आता ८७. मर्यादेत आहे, पण उतार लागला आहे. याला ओओटी म्हणतात, म्हणजे मर्यादा मोडलेली नाही पण कल बिघडला आहे. मर्यादाच मोडली असती तर तो ओओएस झाला असता. क्यूसीचा ॲनालिस्ट आता आपलं घर आधी तपासतो: पॅडलची उंची बरोबर होती का, माध्यमाचं तापमान ३७ अंश होतं का, त्यातली विरघळलेली हवा काढली होती का, फिल्टर योग्य होता का, स्टँडर्डचं वजन बरोबर घेतलं का, क्रोमॅटोग्राममधल्या पीकचं इंटिग्रेशन कसं झालं. द्रावणं तोवर फेकायची नाहीत. लॅबमध्ये चूक सापडली नाही तर अहवाल क्वालिटी ॲश्युरन्सकडे, म्हणजे क्यूएकडे जातो. क्यूसीला विचारलेला प्रश्न एवढाच असतो: समोरचा नमुना लिहिलेल्या मर्यादेत बसतो का, आणि हे मी कागदावर सिद्ध करू शकतो का?

आरअँडडीचं काम पुढच्या प्रश्नाने सुरू होतं: असं का झालं? दर तीन महिन्यांना तीन टक्क्यांनी सरासरी घसरत राहिली तर १८ व्या महिन्यात ८१ आणि २१ व्या महिन्यात ७८ होईल. म्हणजे २४ महिन्यांची मुदत टिकत नाही. फॉर्म्युलेशनची माणसं गोळीतलं पाणी मोजायला सांगतात, कडकपणा मोजायला सांगतात. समजा पाण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. मग संशय पॅकिंगवर जातो, कारण साध्या पीव्हीसी ब्लिस्टरमधून ओल हळूहळू आत जाते आणि गोळी फोडणारा घटक आधीच ओल पिऊन बसला तर ऐन वेळी त्याचा जोर कमी पडतो. हा अंदाज तपासायला तीच बॅच काही पीव्हीसी ब्लिस्टरमध्ये आणि काही दोन्हीकडून ॲल्युमिनियम असलेल्या ब्लिस्टरमध्ये भरून ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत ठेवतात. एक, दोन, तीन महिन्यांनी तुलना करतात. ॲल्युमिनियममधली गोळी टिकली आणि पीव्हीसीतली घसरली, तर दोष कुठे आहे ते कळलं. दोन्ही सारख्याच घसरल्या, तर पॅकिंगवर खापर फोडता येणार नाही आणि शोध गोळीच्या आत परत येतो. त्याच वेळी ॲनालिटिकल डेव्हलपमेंटवाले दुसरी शंका काढतात: आपली डिसोल्यूशनची पद्धत चांगली गोळी आणि बिघडलेली गोळी यांत फरक दाखवण्याइतकी संवेदनशील आहे ना?

रेग्युलेटरीचं काम तोवर सुरू झालेलं असतं. पॅकिंग बदलायचं ठरलं, तर पहिला प्रश्न: कोणत्या देशाला आपण काय लिहून दिलं आहे? औषधाची नोंदणी ज्या फाइलवर होते त्या डोसिएरचा सामाईक साचा सीटीडी म्हणून ओळखला जातो. त्याचे पाच मॉड्यूल. गुणवत्तेचा सगळा भाग मॉड्यूल ३ मध्ये. पॅकिंग `3.2.P.7` मध्ये लिहिलेलं असतं, स्टॅबिलिटी `3.2.P.8` मध्ये, मर्यादा आणि पद्धती `3.2.P.5` मध्ये. ब्लिस्टर बदलला की हे भाग बदलतात, आणि मग तो बदल युरोपात टाइप आयए, आयबी की टाइप २ मध्ये मोडतो, अमेरिकेत वार्षिक अहवालात सांगून भागतं की आधी मंजुरी घ्यावी लागते, हे प्रत्येक बाजारासाठी वेगळं ठरवावं लागतं. काही बदल सांगून लगेच करता येतात, काहींना मंजुरी येईपर्यंत नवीन पॅकमधला एक डबाही पाठवता येत नाही. ही तारीख फॅक्टरीला, मार्केटिंगला आणि खरेदी विभागाला सांगण्याची जबाबदारी रेग्युलेटरीची. आणि सगळेच ती तारीख ऐकून नाराज होतात, हेही ओघाने आलंच.

आता जाहिरात वाचताना एकच गोष्ट शोधा: हे पद यातला कोणता प्रश्न सोडवण्यासाठी आहे? पदाचं नाव बाजूला ठेवा.

## २. नाम सोडा, क्रियापद पकडा

मेथड व्हॅलिडेशन हाच शब्द घ्या. क्यूसीत त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की दुसऱ्याने लिहिलेला प्रोटोकॉल समोर ठेवून प्रयोग करायचे किंवा फार्माकोपियातली पद्धत आपल्या लॅबमध्ये चालते एवढं पडताळून पाहायचं. ॲनालिटिकल डेव्हलपमेंटमध्ये पद्धत स्वतः घडवायची, ती का घडवली हे सांगायचं आणि आयसीएच क्यू२ या मार्गदर्शक तत्त्वाप्रमाणे ती सिद्ध करायची. रेग्युलेटरीत तुम्ही यंत्राला हातही लावत नाही. दुसऱ्याचा व्हॅलिडेशन रिपोर्ट वाचायचा, त्यातली पोकळी शोधायची आणि तो `3.2.P.5.3` मध्ये मांडायचा.

म्हणून जाहिरातीतल्या कामाच्या यादीत शब्दांच्या शेजारी क्रियापद काय आहे ते पाहा. तपासणे, नमुने घेणे, कॅलिब्रेट करणे, नोंदवणे, रिलीजसाठी देणे अशी क्रियापदं असतील तर पद क्यूसीचं. विकसित करणे, सुधारणे, फोर्स्ड डिग्रेडेशन करणे, ट्रान्सफर करणे असेल तर डेव्हलपमेंटचं. संकलित करणे, पुनरावलोकन करणे, सादर करणे, क्वेरीला उत्तर देणे असेल तर रेग्युलेटरीचं.

फोर्स्ड डिग्रेडेशनवर थोडं थांबतो, कारण ही खूण क्वचितच फसवते. औषधाला मुद्दाम आम्ल, अल्कली, पेरॉक्साइड, उष्णता आणि प्रकाश यांनी छळायचं आणि त्यातून निर्माण झालेल्या अशुद्धी आपली पद्धत मुख्य पीकपासून वेगळ्या करू शकते का ते पाहायचं, असं हे काम आहे. रोजच्या क्यूसीत याची गरज नसते. जाहिरातीत हा शब्द असेल तर तिथे पद्धती घडवल्या जातात असं धरून चालायला हरकत नाही.

## ३. तीन जाहिराती वाचून पाहू

खालच्या तिन्ही जाहिराती मी रचल्या आहेत, पण शब्द जाहिरातींत नेहमी येतात तेच ठेवले आहेत.

पहिली. "रिसर्च असोसिएट, ॲनालिटिकल. एचपीएलसी, जीसी, डिसोल्यूशनचा अनुभव. फिनिश्ड प्रॉडक्ट आणि स्टॅबिलिटी नमुन्यांचं विश्लेषण, एलआयएमएसमध्ये नोंदी, ओओएस तपासात सहभाग, उपकरणांचं कॅलिब्रेशन. रोटेशनल शिफ्ट."

नाव रिसर्चचं, काम क्यूसीचं. फिनिश्ड प्रॉडक्ट, एलआयएमएस, ओओएस आणि शिफ्ट हे चार शब्द एकत्र आले की शंका उरत नाही. डेव्हलपमेंटच्या लॅबमध्ये शिफ्ट असू शकते, पण रिलीजसाठी बॅचेस रांगेत उभ्या आहेत म्हणून रात्रपाळी लागते ती क्यूसीतच. हे काम वाईट नाही, उलट सुरुवातीला उत्तम आहे. फक्त रिसर्च समजून जाऊ नका.

दुसरी. "एक्झिक्युटिव्ह, क्वालिटी कंट्रोल, आरअँडडी सेंटर. एक्झिबिट बॅचेसचं विश्लेषण, मेथड ट्रान्सफर, स्टॅबिलिटी प्रोटोकॉल तयार करणे, डेव्हलपमेंट टीमशी समन्वय."

ही मधली जागा आहे आणि नवख्यांना सहसा कळत नाही. एक्झिबिट बॅच म्हणजे नोंदणीच्या अर्जासाठी बनवलेली बॅच, जिचा डेटा डोसिएरमध्ये जातो. या पदावर शिस्त क्यूसीची आणि माल डेव्हलपमेंटचा. पुढे रेग्युलेटरीत जायचं असेल तर माझ्या मते तिन्हींतली ही सर्वांत चांगली सुरुवात. कारण दोन वर्षांनी `3.2.P.8.3` मधल्या तक्त्यांचे आकडे कुठून येतात हे तुम्हाला पुस्तकातून नाही, हाताने माहीत असतं.

तिसरी. "असोसिएट, रेग्युलेटरी अफेअर्स. ईसीटीडी कंपायलेशन, पीडीएफ बुकमार्क आणि हायपरलिंक, व्हॅलिडेशन एरर दुरुस्त करणे, सबमिशन ट्रॅकर अद्ययावत ठेवणे."

हे पब्लिशिंग आहे, म्हणजे डोसिएरची इलेक्ट्रॉनिक फाइल जुळवून देण्याचं काम. इथलं व्हॅलिडेशनसुद्धा मेथडचं नाही, इलेक्ट्रॉनिक फाइल नियमांत बसते का ते तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचं आहे. काम गरजेचं, मुदतीचं आणि बारकाव्याचं, पण त्यात विज्ञान कमी. ज्याला मॉड्यूल ३ लिहायचं आहे त्याने जाहिरातीत सीएमसी म्हणजे केमिस्ट्री, मॅन्युफॅक्चरिंग अँड कंट्रोल्स, तसंच डेफिशियन्सी, चेंज कंट्रोल, व्हेरिएशन असे शब्द शोधावेत. पब्लिशिंगमधून सीएमसीत जाणारी माणसं असतात, पण आपोआप जात नाहीत. कंपनी ते होऊ देते का हे मुलाखतीतच विचारावं लागतं.

## ४. स्वतःला कुठे बसवाल

पगार आणि प्रतिष्ठा यांचे अंदाज मी बांधत बसत नाही. रोजचा दिवस कसा जातो त्यावरून ठरवा.

क्यूसीत दिवस नमुन्यांच्या रांगेने चालतो. सकाळी कॉलम लावला, सिस्टिम सुटेबिलिटी पास झाली तर दिवस चांगला, नाही झाली तर दुपारपर्यंत तेच. प्रत्येक वजन, प्रत्येक वेळ, प्रत्येक खाडाखोड सहीसकट लिहावी लागते. एकच काम रोज तितक्याच काटेकोरपणे करता येतं का, आणि वरिष्ठ घाई करत असताना "निकाल अजून झाला नाही" असं सांगता येतं का, याचं उत्तर हो असेल तर क्यूसी जमेल.

डेव्हलपमेंटमध्ये आठवडा निकालाविना जातो आणि तो वाया गेला असं म्हणता येत नाही. दोन पीक एकमेकांवर चढलेत म्हणून मोबाइल फेजचा पीएच बदलला, मग प्रमाण बदललं, मग कॉलम बदलला, आणि शेवटी कळलं की पहिला पीएचच बरा होता, फक्त ग्रेडियंट हळू हवा होता. ज्याला हे वैतागाचं वाटतं त्याने तिकडे जाऊ नये.

रेग्युलेटरीत दिवसभर वाचन, ईमेल आणि पाठपुरावा. प्राधिकरणाकडून क्वेरी येते, उत्तराला मुदत असते आणि उत्तराचा डेटा तीन वेगळ्या विभागांकडे असतो. वाक्य लिहिताना एक शब्द जास्त गेला तरी ती कंपनीने दिलेली बांधिलकी ठरते. "यापुढे प्रत्येक बॅचवर तपासू" आणि "पहिल्या तीन बॅचेसवर तपासू" यांतला फरक फॅक्टरी वर्षानुवर्षं भोगते. लिहिण्याची आवड आणि लोकांकडून काम काढून घेण्याची चिकाटी दोन्ही हवं.

शिक्षण संपवून थेट रेग्युलेटरीत जाण्याचा हट्ट अनेकजण धरतात. जागा असतात, पण बऱ्याचशा पब्लिशिंगच्या किंवा आर्टवर्क-लेबलिंगच्या. सीएमसीच्या जाहिराती बहुतेक अनुभव मागतात आणि त्याला कारण आहे: क्रोमॅटोग्राम कधी पाहिलाच नाही अशा माणसाला "पीक प्युरिटीचा पुरावा कुठे आहे" या क्वेरीतला मुद्दा पकडणं जड जातं. आधी दोन-तीन वर्षं लॅबमध्ये घालवणं हा वळसा वाटतो, पण याच वाटेने लोक लवकर पोहोचतात.

## ५. इथे पाय घसरतो

क्यूए आणि क्यूसी एक समजणं. जाहिरातीत नुसतं "क्वालिटी" लिहिलं असेल तर खाली पाहा. उपकरणांची नावं असतील तर क्यूसी. बॅच रेकॉर्ड रिव्ह्यू, डेव्हिएशन, करेक्टिव्ह अँड प्रिव्हेंटिव्ह ॲक्शन म्हणजे कापा, लाइन क्लिअरन्स, ऑडिट हे शब्द असतील तर क्यूए. क्यूएचा माणूस लॅबमध्ये बसत नाही.

क्यूसीतला कोणता कोपरा ते न पाहणं. रॉ मटेरिअल, पॅकिंग मटेरिअल, फिनिश्ड प्रॉडक्ट, स्टॅबिलिटी, मायक्रोबायोलॉजी असे भाग असतात. वर्षभर फक्त पॅकिंग मटेरिअल तपासलं तर एचपीएलसीवर हात बसत नाही, आणि पुढची प्रत्येक जाहिरात नेमकं तेच मागते. जाहिरातीत भाग लिहिलेला नसेल तर फोनवरच विचारा.

बायोॲनालिटिकलला औषधाचं क्यूसी समजणं. "रिसर्च असोसिएट, एलसी-एमएस/एमएस, प्लाझ्मा नमुने" असं असेल तर तिथे माणसाच्या रक्तातलं औषध मोजतात, बायोइक्विव्हॅलन्ससाठी. कौशल्य चांगलं आहे, पण ही वाट मॉड्यूल ५ कडे जाते, मॉड्यूल ३ कडे नाही.

साइटचा इतिहास न पाहणं. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि फारच थोडे लोक करतात. अमेरिकेच्या एफडीएची वॉर्निंग लेटर्स तिच्या संकेतस्थळावर सर्वांना वाचता येतात. उत्पादन पद्धतीतल्या गंभीर त्रुटींमुळे ज्यांचा माल अडवला जातो त्यांची यादी इम्पोर्ट अलर्ट `66-40` मध्ये असते. युरोपाच्या `EudraGMDP` या डेटाबेसमध्ये नियमांत न बसणाऱ्या साइटची निवेदनं मिळतात. कंपनीचं नाव पुरेसं नाही, साइटचा पत्ताही जुळवा, कारण एकाच कंपनीची एक फॅक्टरी उत्तम आणि दुसरी अडचणीत असू शकते. पत्र सापडलं म्हणून लगेच नकार देऊ नका. पत्रानंतर सुधारणेचं काम चालू असलेल्या लॅबमध्ये शिकायला भरपूर मिळतं. पण पत्रात नमुना पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवला, ऑडिट ट्रेल बंद होता, मूळ नोंदी कचऱ्यात सापडल्या असं लिहिलं असेल, तर मुलाखतीत "त्यानंतर लॅबमध्ये काय बदललं" हा प्रश्न नक्की विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर समजा.

पैसे मागणारी नोकरी. नोंदणी, ट्रेनिंग किंवा कागदपत्र तपासणी यांच्या नावाखाली उमेदवाराकडून पैसे मागणारी जाहिरात सोडून द्या. जाहिरातीत दिलेला ईमेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा आहे का आणि तीच जागा कंपनीच्या करिअर पानावर आहे का, हेही पाहून घ्या.

## ६. बायोडेटा आणि कागदपत्रं

तीन विभागांसाठी तीन बायोडेटा करा. माहिती तीच, क्रम वेगळा.

क्यूसीसाठी उपकरणं वर आणा आणि नुसतं "एचपीएलसी" लिहून थांबू नका. कोणतं सॉफ्टवेअर वापरलं ते लिहा: एम्पॉवर, क्रोमेलिऑन, लॅबसोल्यूशन्स. कोणत्या चाचण्या केल्या ते लिहा: ॲसे, रिलेटेड सब्स्टन्सेस, डिसोल्यूशन, कार्ल फिशर. फक्त कॉलेजच्या प्रयोगशाळेत यंत्र पाहिलं असेल तर तसंच स्पष्ट लिहा, कारण मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

डेव्हलपमेंटसाठी प्रोजेक्ट वर आणा. कोणता रेणू, कोणती अडचण, काय बदललं, काय निष्पन्न झालं, हे चार ओळींत. रेग्युलेटरीसाठी लिहिलेलं काही दाखवता येईल का ते पाहा, म्हणजे प्रबंध, समीक्षालेख किंवा प्रोटोकॉल. आयसीएचची मार्गदर्शक तत्त्वं मोफत उपलब्ध आहेत. सगळी वाचण्यापेक्षा क्यू१, क्यू२ आणि क्यू३बी नीट वाचलेली असली तर संभाषण करता येतं. सीटीडीतल्या गुणवत्तेच्या भागाची रचना एम४क्यू मध्ये आहे.

सोबत ठेवायचं ते एवढंच:

- पदवी आणि सर्व सेमिस्टरच्या गुणपत्रिका
- आधीच्या नोकरीची ऑफर, अनुभवपत्र आणि रिलीव्हिंग लेटर
- इंटर्नशिप किंवा ट्रेनिंगची प्रमाणपत्रं
- ओळखपत्र आणि फोटो
- जाहिरातीची प्रत, कारण मुलाखतीपर्यंत ती अनेकदा काढून टाकली जाते आणि नंतर "असं लिहिलं होतं" म्हणायला पुरावा राहत नाही

आधीच्या कंपनीचे रिपोर्ट, क्रोमॅटोग्राम किंवा प्रोटोकॉल नमुना म्हणून कधीही दाखवू नका. मुलाखत घेणारा पाहील आणि लगेच विचार करेल की हा आमचेही असेच बाहेर नेईल.

## ७. मुलाखतीत काय विचारतात, तुम्ही काय विचारावं

क्यूसीचा हमखास प्रश्न: निकाल मर्यादेबाहेर आला, काय कराल? "पुन्हा इंजेक्ट करेन" हे उत्तर दिलं की मुलाखत जवळपास संपते. अपेक्षित क्रम असा: काम थांबवायचं, द्रावणं आणि काचसामान जपून ठेवायचं, लगेच सुपरवायझरला सांगायचं, मग दोघांनी मिळून चेकलिस्टप्रमाणे लॅबमधली उघड चूक शोधायची. चूक सिद्ध झाली तरच पहिला निकाल कारणासकट बाद होतो. सिद्ध नाही झाली तर तपास लॅबच्या बाहेर, उत्पादनाकडे जातो. पुन्हा चाचणी करायचीच तर ती आधी मंजूर झालेल्या योजनेप्रमाणे. वरच्या गोळीच्या उदाहरणातला दुसरा टप्पा आणि ओओएसनंतरची पुनर्चाचणी यांतला फरक तुम्ही स्वतःहून सांगितलात तर समोरचा पेन खाली ठेवून ऐकतो.

डेव्हलपमेंटला बहुधा एखादा क्रोमॅटोग्राम पुढे ठेवतात आणि विचारतात, आधी काय बदलाल? उत्तरापेक्षा क्रम पाहतात. रेणूचा पीकेए किती, हे न विचारता थेट कॉलम बदलायला निघालात तर गुण जातात.

रेग्युलेटरीला एखादा बदल सांगतात, उदाहरणार्थ ब्लिस्टरची फॉइल बदलायची आहे. थेट "व्हेरिएशन फाइल करू" म्हणू नका. आधी विचारा: कोणकोणत्या बाजारांत नोंदणी आहे, तिथे सध्या काय लिहून दिलंय, नव्या फॉइलचा ओलीचा अडसर जुन्यापेक्षा चांगला की वाईट, आणि स्टॅबिलिटीचा किती डेटा हातात आहे?

आणि तुमचे प्रश्न. क्यूसीत विचारा की मला कोणत्या विभागात ठेवाल, एचपीएलसीवर स्वतंत्रपणे काम करायला ॲनालिस्ट क्वालिफिकेशन किती दिवसांनी होतं, आणि शिफ्ट कशा आहेत. डेव्हलपमेंटमध्ये विचारा की पद्धत मी घडवणार की दुसऱ्याने घडवलेली चालवणार. रेग्युलेटरीत विचारा की लिखाण कोण करतं आणि पब्लिशिंग कोण करतं, कोणते बाजार माझ्याकडे असतील, नवीन अर्ज जास्त की मंजुरीनंतरचे बदल जास्त.

ऑफर हातात आल्यावर पद, विभाग आणि साइट ही तिन्ही नावं जाहिरातीशी जुळवून पाहा. जाहिरात ॲनालिटिकल डेव्हलपमेंटची आणि ऑफरवर विभाग नुसता "क्वालिटी" असं आढळलं, तर सही करण्याआधी एचआरला ईमेलने विचारा आणि उत्तर ईमेलवरच घ्या.